बैल फागण्याला अडकले

आमच्या मामांना दिवाळीच्या शुभेच्छा कशाही पाठवा, चालतात. गेल्या वर्षीचीच पणती यंदा पाठवली तरी ते अंगठा दाखवतात. पोळ्याचं मात्र तसं नाही. पोळ्याला, म्हणजे त्यांच्या भाषेत 'पोयाले', पाठवलेला प्रत्येक शब्द तपासून घेतला जातो. मामा पारोळा तालुक्यात पाच एकर कपाशी करतात, राजा आणि सर्जा ही जोडी बाळगतात आणि अहिराणीत पाठवलेल्या व्हॉइस मेसेजमधून माझी लाज काढतात. मी जळगावला नोकरी करतो. बैलाशी माझा संबंध कॅलेंडरपुरता.

पहिला घोळ तीन वर्षांपूर्वी झाला. कुठून तरी आलेलं एक झकास चित्र मी पुढे ढकललं. उगवता सूर्य, डोंगराएवढं वशिंड, भाल्यासारखी शिंगं आणि खाली 'बळीराजाच्या सख्याला मानाचा मुजरा'. पाचव्या मिनिटाला मामांचा आवाज आला, "भाचा, हाऊ सांड शे, बैल नही!"

मला फरक माहीत नव्हता. सांड खच्ची केलेला नसतो, म्हणून त्याचं वशिंड आणि मान अशी दणकट भरते. औताचा बैल खच्ची केलेला असतो. त्याचं वशिंड बेताचं, अंग सडपातळ आणि स्वभाव जुवाखाली मान घालण्याइतका शांत. मामांच्या हिशोबाने मी पोळ्याच्या दिवशी त्यांच्या गोठ्यात एक गुंड पाठवला होता. गावातल्या पारावर ते चित्र दोन दिवस फिरलं म्हणे.

दुसऱ्या वर्षी मी शहाणा झालो. परक्या बैलांचं नावच नको म्हणून आधीच्या पोळ्याला गोठ्यासमोर काढलेली सेल्फी शोधली. गेरूचे ठिपके, रंगवलेली शिंगं, नव्या म्होरक्या, कपाळावर बाशिंग आणि मधोमध मी. त्यावर 'राजा-सर्जाच्या कष्टाला वंदन' असं लिहून पाठवलं. आता यात कोण काय काढणार?

मामांनी काढलं. राजा उजवीकडे जुंपायचा बैल, सर्जा डावीकडचा. फोटोतही ते तसेच उभे होते, पण माझ्या फोनचा पुढचा कॅमेरा आरशासारखा फोटो ठेवतो, त्यामुळे राजा डाव्या बाजूला गेला होता. मला वाटलं, एवढं काय? तर एवढंच सगळं असतं. बैल ज्या बाजूला शिकला त्याच बाजूला चालतो. बाजू बदलली की तो जोडीदाराकडे रेलतो, तास वाकडं जातं आणि कपाशीची झाडं कोळप्याखाली जातात. "तुना मोबाईलनी बैल बदली टाकात," मामा म्हणाले. मामींनी मागून विचारलं, "आन हाऊ मधला कोन शे?"

यंदा मी ठरवलं, चित्रच नको. मामांना कष्टाची कदर हवी आहे ना, मग कष्ट मोजूनच पाठवू. आपण हिशोबाचे लोक.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कागद घेऊन बसलो. मामांच्या कपाशीत दोन ओळींमधलं अंतर चार फूट. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. चाराने भागलं की 10,890 फूट तास निघतं, म्हणजे एका एकरात एकदा कोळपं फिरलं की बैल साधारण 3.3 किलोमीटर चालतात. पाच एकराला 16.6. तीन पाळ्या धरल्या तर पन्नासच्या आसपास. त्याआधी पेरणीपूर्वीची वखरणी, अडीच फुटी वखराने आडवी आणि उभी, तिचे आणखी 53. एकूण 103 किलोमीटर! मी खुर्चीतून उठलोच. जळगावहून धुळं शंभराच्या आत आहे, आणि रस्ता तर मामांच्याच पारोळ्यावरून जातो.

मेसेज तयार झाला: 'राजा-सर्जा, तुम्ही यंदा जळगावहून धुळ्याला पायी जाऊन आणखी पुढे गेलात, तेही मामांचं वावर न सोडता. पोळ्याच्या शुभेच्छा.' स्वतःवर इतका खूश झालो की पाठवण्याऐवजी पोळ्याच्या आदल्या दिवशी रजा टाकून गावी गेलो. अशी दाद समोर बसून घ्यावी.

पोचलो तेव्हा गोठ्यात खांदेमळणी चालली होती. वाटीत तेल आणि हळद. जू टेकतं त्या जागी मामा तळव्याने हळूहळू चोळत होते. राजाच्या खांद्यावर तळहाताएवढा केस गेलेला, जाड कातडीचा भाग होता. मामांनी माझा हात धरून तिथे ठेवला. "गरम लागस का?" नव्हतं लागत. गरम लागलं, सूज हाताला जाणवली किंवा हात लावताच बैलाने कातडी थरथरवली, तर खांदा आला असं समजायचं आणि बरा होईपर्यंत जू ठेवायचं नाही. जू नीट बसत नसेल किंवा जोडीत एक उंच एक ठेंगणा असेल तर हे हमखास होतं. मळून झाल्यावर मामा बैलाच्या कानाशी म्हणाले, "आज आवतन ल्या, सकाय जेवाले या."

ही वेळ साधून मी मेसेज मोठ्याने वाचला. शांतता. राजाने शेपटी हलवली, ती माशीसाठी. मामा मान डोलावणार इतक्यात ओट्यावरून मामी कडाडल्या.

"तिसरी पाळी कोनी करी?"

मामांनी वाटीत पाहिलं. झालं होतं असं, की दोन पाळ्यांनंतर पावसाने झड लावली. काळी जमीन, वाफसा येईना. ओल्यात औत घातलं तर बैलाचा पाय रुततो, फासेला चिखल चिकटतो आणि उपटलेलं तण तिथेच पुन्हा जीव धरतं. तोवर कपाशीही वाढली, फांद्या ओळीत आल्या. शेवटी मामी आणि चार बाया खुरपी घेऊन पाच एकर निंदत गेल्या. बैल त्या दिवसांत गोठ्यात रवंथ करत होते.

मी मुकाट्याने 16.6 वजा केले. राहिले 86. म्हणजे बैल धुळ्याला पोचलेच नाहीत, अलीकडे हायवेवरच्या फागणे गावाच्या आसपास अडकले. सणाच्या आदल्या दिवशी दोन बैल हायवेवर उभे, हे चित्र मलाही बरं वाटेना.

सुटका मामांनीच केली. "चार फुटमा एक फेरानी कोयपं भागस का रे?" जाताना एका ओळीच्या अंगाने, येताना दुसऱ्या ओळीच्या, प्रत्येक पट्ट्यात दोन फेऱ्या. म्हणजे पाळीला 33, दोन पाळ्यांचे 66, वखरणीचे 53. बैल 119 किलोमीटरवर, धुळं ओलांडून साक्री रस्त्याला, पार कुसुंब्याच्या पुढे! मामा असे हसले की जणू स्वतःच पोचलेत.

मामी पुरण वाटत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आते आम्हना मोज."

मी फोन काढला. ओळी तेवढ्याच, पाच बाया, तर वाट्याला तीन-साडेतीन किलोमीटर.

"इतलाच?"

"बसून, मामी. पायांवर बसून सरकत."

त्यांनी पाट्यावरचा हात थांबवून मामांकडे पाहिलं. मामांनी हळदीची वाटी उचलली आणि सर्जाच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.