पाटीलसाहेबांना सविनय

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या फाउंड्रीचे पगारपत्रक, सगळ्यांच्या पॅन आणि बँक खात्यांच्या क्रमांकांसह, राजारामपुरीतल्या सी.ए. पाटलांकडे जायचे, ते शाहूपुरीतल्या गुळाच्या पाटलांकडे गेले. हिशेब खात्याच्या साहेबांनी 'patil' एवढेच टाइप केले आणि पुढचा पत्ता जीमेलने आपणहून भरून दिला. कोल्हापुरात एवढ्या खुणेवर टपाल कुठे पोहोचेल, हे अंबाबाईच जाणे. फाइलीला पासवर्ड होता ही जमेची बाजू, पण तोही पाठोपाठच्या मेलने त्याच पत्त्यावर रवाना झाला होता. पाठवलेली मेल मागे घेण्यासाठी जीमेल फार तर 30 सेकंद देते. साहेबांच्या लक्षात आले जेवणाच्या सुट्टीनंतर.

विनंतीपत्र माझ्याकडे आले, कारण गणपतीच्या वर्गणीची पत्रके मीच लिहितो. साहेबांचा मसुदा तयारच होता. त्याचा विषय 'अत्यंत गोपनीय, उघडू नये' असा होता, म्हणजे ज्याने मूळ मेल पाहिलीही नसेल, तोही ती शोधायला चष्मा घेऊन बसला असता. शेवटी कायदेशीर कारवाईची तंबी होती. ज्या गृहस्थाने काहीच केलेले नाही आणि ज्याच्या भलेपणाखेरीज आपल्या हाती दुसरे काही नाही, त्यालाच दम भरण्यात काय हशील? शिवाय जुनी मेलच फॉरवर्ड करून वर चार ओळी लिहाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते; तसे केले असते, तर पगारपत्रक पाटलांकडे दुसऱ्यांदा गेले असते.

शेवटी नव्या मेलवर, 'दुपारच्या मेलबाबत विनंती' अशा निरुपद्रवी विषयाखाली मी लिहिले: "स. न. वि. वि. आज 12 वाजून 10 मिनिटांनी आमच्याकडून आपणांस चुकून गेलेली मेल, तिच्या पाठची मेल आणि सोबतची फाइल कृपया डिलीट करावी. ट्रॅशमधूनही काढावी, आणि फाइल उतरवून घेतली असल्यास मोबाइल व संगणकावरील प्रतही काढावी. ती पुढे कोणाकडे गेली असल्यास तेवढे कळवावे. तसदीबद्दल क्षमस्व." ट्रॅशचा उल्लेख साहेबांना आगाऊपणाचा वाटला, परंतु डिलीट केलेली मेल तिथे 30 दिवस सुखरूप असते. फाइलीत काय आहे, याबद्दल मात्र मी हेतुपुरस्सर अवाक्षरही लिहिले नव्हते.

संध्याकाळी उत्तर आले: "तुमचे पगारपत्रक सगळीकडून काढले आहे, पुढे कोणाला पाठवलेले नाही, निश्चिंत राहावे. वर्गणीची पत्रके लिहिणाऱ्या तुमच्या माणसाला मात्र साहेबांनी थोडे वाढवून द्यावे."