आठही लाइट लागतात, तरी स्पीड शंभरच का? डाळ मिलच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

"जळगाव एमआयडीसीतल्या आमच्या डाळ मिलच्या ऑफिसात यांच्याकडून नेटवर्कचे १२ पॉइंट टाकून घेतले. कॅट ६ए केबलची गोष्ट झाली होती, टाकली कॅट ६. वरून टेस्टिंगचे वेगळे पैसे. तरी काट्याच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरला १०० च येतात, बाकीच्यांना १०००. आमच्या माणसाने लाइटचा टेस्टर लावून पाहिलं, आठही लाइट बरोबर लागतात. मग यांनी टेस्टिंग कशाचं केलं? रिपोर्टचे कागद दिलेत, ते कोणाला कळतात? २ स्टार."

राम राम भाऊ. शनिवारी आमची मुलं मशीन घेऊन केबिनमध्ये येऊन गेली आणि दोष सापडला. भिंतीतली केबल ठीक आहे. टेबलावरच्या सॉकेटपासून कॉम्प्युटरपर्यंत जी ५ मीटरची कॉर्ड आहे, तिच्यात गडबड आहे. ती कॉर्ड नंतर जागेवरच प्लग दाबून बसवून, म्हणजे क्रिम्प करून, बनवलेली आहे. ती आमच्या कामात नव्हती, पण आमच्या रिपोर्टमध्ये कॉर्ड मोजलेलीच नाही हे आम्ही तुम्हाला सांगायला हवं होतं. ते सांगितलं नाही, ही आमची चूक.

आता त्या कॉर्डचा प्लग उजेडात धरा, क्लिप खाली आणि सोनेरी पिना तुमच्याकडे करून. डावीकडून रंग असे दिसतील: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दिसायला अगदी व्यवस्थित, जोडीला जोडी. पण बरोबर क्रमात पांढऱ्या-हिरव्याच्या पुढे निळा आणि पांढरा-निळा येतात, आणि हिरवा त्यानंतर सहाव्या पिनेवर जातो. कारण नेटवर्क कार्ड ३ आणि ६ या पिना एक जोडी म्हणून वापरतं, ४ आणि ५ ही दुसरी. तुमच्या कॉर्डमध्ये तिसऱ्या पिनेची तार हिरव्या जोडीतली आहे आणि सहाव्या पिनेची निळ्या जोडीतली. एका सिग्नलच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्याच नाहीत. पीळ असतो तो शेजारच्या जोडीचा आवाज दोन्ही तारांवर सारखा पडून कटावा म्हणून. इथे तो कटत नाही, उलट दोन्ही सिग्नल एकमेकांत मिसळतात. याला आमच्याकडे स्प्लिट पेअर म्हणतात.

लाइटचा टेस्टर फक्त एवढंच बघतो की या टोकाची पहिली पिन त्या टोकाच्या पहिल्या पिनेला जुळते का, दुसरी दुसरीला जुळते का. दोन्ही टोकांना चूक सारखीच असेल तर आठही लाइट ओळीने लागणार. कोणती तार कोणाभोवती पिळली आहे, हे त्याला कळायचा मार्गच नाही. तुमच्या माणसाने पाहिलं ते खरंच होतं, त्या डबीची पोच तेवढीच आहे.

शंभरच का येतात तेही यातच आहे. १००० मेगाबिटला, म्हणजे १ गिगाबिटला, चारही जोड्या एकाच वेळी चालतात, म्हणून ३-६ आणि ४-५ एकमेकींना बिघडवतात आणि कार्ड हार मानून खाली उतरतं. १०० ला फक्त १-२ आणि ३-६ लागतात. ४-५ गप्प असते, म्हणून गाडी चालते.

रिपोर्टमध्ये ही भेसळ NEXT या नावाने छापलेली असते. तिथला आकडा जितका मोठा तितकं चांगलं. काट्याच्या पॉइंटचा पहिला कागद पर्मनंट लिंकचा आहे, म्हणजे रॅकमधल्या पॅच पॅनेलपासून केबिनच्या सॉकेटपर्यंतचा. त्यात १०० मेगाहर्ट्झला कॅट ६ साठी किमान ४१.८ डेसिबल लागतात आणि सगळ्यात कमकुवत जागीही मर्यादेच्या वर ४.६ शिल्लक आहेत. शनिवारी कॉर्डसकट, म्हणजे चॅनेल म्हणून मोजलं. तिथे ३९.९ हवेत, आले २१. दर दहा डेसिबलला दहा पट, या हिशेबाने भेसळ सुमारे ऐंशी पट जास्त. हा आकडा केबिनच्या टोकाकडून घेतलेला आहे. रॅककडून पाहिलं तर सिग्नल ६४ मीटर जाऊन-येऊन इतका कमजोर होतो की तोच दोष बराच सौम्य दिसतो. म्हणून NEXT दोन्ही टोकांकडून मोजावा लागतो, आणि टेस्टिंगचे पैसे याच मशीनचे आणि याच वेळेचे आहेत.

त्याच कागदावर लांबीसमोर चार वेगळे आकडे आहेत, त्यावरून गोंधळ झाला असेल. प्रत्येक जोडीचा पीळ कमी-जास्त असतो, म्हणून तार कमी-जास्त लागते. धरायचा असतो तो सगळ्यात लहान आकडा, तुमच्या केबिनचा ६४.१ मीटर. मशीन सिग्नलला जाऊन परत यायला लागलेल्या वेळेवरून लांबी काढतं, त्यासाठी केबलमधला वेग प्रकाशाच्या किती टक्के आहे ते त्याला सांगावं लागतं. या केबलला ६९ टक्के आहे. चुकून ७२ टाकलं असतं तर तीच केबल ६७ मीटर दिसली असती. म्हणून आम्ही केबलच्या सालीवर छापलेले मीटरही लिहून ठेवले: रॅकपाशी ११२, केबिनपाशी १७६. फरक ६४, मेळ बसला.

पर्मनंट लिंकला ९० मीटर चालतात, पण ते २० अंश तापमानाला. केबल तापली की सिग्नल जास्त कमजोर होतो. तुमची केबल गोदामाच्या पत्र्याखालून जाते आणि मे महिन्यात तिथे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. केबलिंगची मानकं ठरवणाऱ्या टीआयए या अमेरिकी संस्थेच्या मानकाप्रमाणे साध्या, शील्ड नसलेल्या केबलला ६० अंशाला ७५ मीटरच धरायचे. ६४ त्यात बसतात. काटा आणखी १५ मीटर लांब असता तर आम्ही फायबरच सुचवलं असतं.

राहिली ६ए. कोटेशनमध्ये कॅट ६ लिहिलं होतं, पण का ते लिहिलं नव्हतं, ते लिहायला हवं होतं. ६ए लागते ती १० गिगाबिट पूर्ण १०० मीटर न्यायला. तुमच्या स्विचचे सगळे पोर्ट १ गिगाबिटचे आहेत, आणि तेवढं कॅट ६ शंभर मीटर आरामात नेते. दुसरं कारण पाइपचं. भिंतीत आधीच गाडलेले पाइप २५ मिलिमीटरचे आहेत. ४० टक्क्यांपर्यंतच भरायचे म्हटलं तर कॅट ६ च्या ४-५ केबल जातात, जाड ६ए च्या तीनच. बिलिंगच्या भिंतीतून चार नेल्या आहेत, ६ए साठी ती भिंत फोडावी लागली असती. आणि ६ए टाकली असती तरी ही कॉर्ड अशीच राहिली असती, काट्याला १०० च आले असते.

शनिवारी कंपनीत तयार झालेली ५ मीटरची कॉर्ड लावून दिली आहे, तिचे पैसे नाहीत. तिच्यासकट चॅनेल टेस्ट पास झाली आणि कॉम्प्युटरला १००० आले. बाराही पॉइंटच्या चॅनेल टेस्ट आता आम्ही आमच्या खर्चाने करून देतो, तुम्ही वार कळवा. तोवर बिलिंगच्या दोन टेबलांखालच्या कॉर्ड बघून घ्या. तुमच्या माणसाच्या सांगण्यावरून त्या काट्याच्या कॉर्डसोबतच केलेल्या आहेत, त्या दिवशी टेबलांखालचं कपाट बंद होतं म्हणून आम्हाला पाहता आल्या नाहीत. प्लगमध्ये तिसऱ्या पिनेवरच्या पांढऱ्या-हिरव्याला लागून चौथ्या पिनेवर हिरवाच दिसला, तर ती कॉर्ड काढून ठेवा. प्लग कापून पुन्हा क्रिम्प करायचा असेल तर दोन्ही टोकं करावी लागतील, आणि पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नका.