शब्द कुणाला दिला होता?

‘बाबांना शब्द दिला होता, देहदान करू, दहावं-तेरावं काही नको. आईने ऐकलं नाही, सगळं रीतसर केलं. आता ते तर गेले. मग मी नेमकं कुणाचं काय बिघडवलं?’ – मामेभाऊ, साताऱ्याहून.

मामांचंच बिघडवलं, असं मला वाटतं.

दहाव्याला मी लेस्टरहून व्हिडिओ कॉलवर होतो, इथे पहाट. कावळा फांदीवर बसलेला, पण पिंडाला शिवेना. एकेकाने हात जोडले : मामीला सांभाळू, कर्ज फेडू. मामेभाऊ तेवढा गप्प उभा. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. जो विधी नको म्हणून शब्द घेतला, त्याच विधीत मामांची राहिलेली इच्छा शोधत होते सगळे!

‘तुमच्याकडे बरं, मृत्युपत्रात लिहिलं की काम झालं,’ असं धाकटा मामा म्हणाला. तसं नाही. हेन्री क्रुकेंडन नावाच्या माणसाने मृत्युपत्रात आपल्या देहाचं दहन करायचं काम एलायझा विल्यम्स या मैत्रिणीवर सोपवलं होतं. बायकामुलांनी त्याला लंडनमध्ये पुरलं. बाईंनी देह उकरून मिलानला नेला, दहन केलं आणि खर्च मागितला. 1882 साली कोर्टाने नकार दिला : मृतदेह ही कुणाची मालमत्ता नव्हे, त्याबद्दलची इच्छा कायद्याने बांधत नाही. देहदानाचं मात्र वेगळं. इथल्या 2004 च्या कायद्यानुसार संमती त्या माणसाचीच, लेखी आणि साक्षीदारासमोरची लागते. नातेवाईक ती त्याच्या वतीने देऊ शकत नाहीत. आपल्याकडे फॉर्म भरलेला असला तरी घरच्यांनी देह दिला नाही, तर कॉलेज काही करू शकत नाही.

माझे शेजारी तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेत. जॉर्ज पिचर नावाच्या अभ्यासकाने 1984 मध्ये मांडलेला मुद्दा त्यांनी सांगितला : नुकसान राखेचं होत नाही, मरण्याआधी जिवंत असलेल्या त्या माणसाचं होतं. म्हणजे पलंगावर बसून, चष्मा पुसून, फॉर्मवर सही करणाऱ्या मामांचं. ते निर्धास्त झाले, पण ज्याच्या भरवशावर झाले ते खरं होणारच नव्हतं. मला हे पटतं. शेजाऱ्यांना स्वतःला पूर्ण पटत नाही. नंतर घडलेल्या गोष्टीने आधीचा माणूस कसा दुखावेल, असं ते म्हणतात. यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही.

पण दिलेला शब्द मोकळा करू शकणारा एकच माणूस होता आणि तोच गेला. त्यामुळे गाठ सैल होत नाही, उलट पक्की होते. मामेभावाची खरी चूक दहाव्याची नाही, त्याआधीची. शब्द एकट्याने दिला, मामीला मामांसमोर बसवून विचारलंच नाही. तिचंही दुःख होतं, तिला निरोप द्यायचा होता. हे मी त्याला लिहिलं. त्याचं उत्तर अजून नाही.

उत्तर आलं ते आत्याचं. तिने सगळं वाचून एवढंच विचारलं : ‘मोतीबिंदू काढलेले डोळे चालतात का रे दानाला?’

चालतात, आत्या. पण मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून लगेच कळवावं लागतं. फोन कोण करणार, ते आत्ताच ठरव, आणि घरातल्या सगळ्यांसमोर.