सुहरावर्दीने तर्क कुठे सोडला आणि कुठे नाही

> "'मला आतून जाणवलं' हे ज्ञान नव्हे, कारण ते तपासता येत नाही. ॲरिस्टॉटलचं तर्कशास्त्र निदान चूक पकडू देतं. सुहरावर्दीने ते फेकून देऊन गूढवाद आणला आणि तुम्ही त्याला तत्त्वज्ञान म्हणताय."

सुहरावर्दी या बाराव्या शतकातल्या इराणी तत्त्वज्ञावरच्या तुमच्या या टीकेतलं 'फेकून देऊन' हे मला पटत नाही. ११८६ साली पूर्ण झालेल्या त्याच्या 'हिकमत-अल-इश्राक', म्हणजे 'प्रकाशाचं तत्त्वज्ञान', या ग्रंथाचा पहिला भागच तर्कशास्त्राचा आहे, आणि ॲरिस्टॉटलच्या परंपरेवरचा त्याचा हल्ला तिथूनच सुरू होतो. हल्ल्याचा रोख व्याख्येवर आहे.

त्या परंपरेत एखादी वस्तू जाणायची तर तिची जात आणि तिचं वेगळेपण सांगायचं: माणूस म्हणजे विवेकशील प्राणी. सुहरावर्दी विचारतो, हे वेगळेपण फक्त त्याच वस्तूत असेल, तर जो ती वस्तू ओळखत नाही त्याला ते तरी कुठून ठाऊक असणार? आणि ते इतरत्रही आढळत असेल तर ते वेगळेपण कसलं? शिवाय वस्तूचे सगळे मूलभूत घटक मोजून झाले, एकही सुटला नाही, याची हमी कोण देणार?

त्याचं काळ्या रंगाचं उदाहरण मला फार आवडतं. जुन्या पंडितांची व्याख्या होती, 'काळा म्हणजे दृष्टी गोळा करणारा रंग'. ज्याने काळा पाहिलाय त्याला हिचा उपयोग नाही आणि ज्याने पाहिला नाही त्याला ती समजत नाही. काळेपणा ही साधी, एकसंध गोष्ट आहे. तिचे तुकडे करून ते दुसऱ्याच्या हातात ठेवता येत नाहीत. व्याख्येतला प्रत्येक शब्द पुढची व्याख्या मागत गेला, तर ही साखळी कुठेतरी थेट पाहिलेल्या गोष्टीपाशी थांबायलाच हवी. तर्क जिच्यावर उभा राहतो ती जमीन तर्काने दिलेली नसते, एवढंच त्याचं म्हणणं. यात गूढ काय आहे?

आता 'इल्म-ए-हुजूरी', म्हणजे उपस्थितीने होणारं ज्ञान. नेहमीच्या ज्ञानात वस्तू बाहेर असते आणि तिची प्रतिमा मनात. सुहरावर्दी स्वतःच्या जाणिवेकडे वळतो आणि चक्क युक्तिवाद करतो. समजा, मी मला एखाद्या प्रतिमेतून ओळखतो. ती प्रतिमा माझ्यासाठी 'ती' आहे, 'मी' नाही. मग 'मी'ची जाणीव म्हणजे 'ती'ची जाणीव ठरेल, आणि ते उघडच विसंगत आहे. शिवाय ती प्रतिमा माझीच, हे मला कळणार कसं? मी आधीच ठाऊक असल्याशिवाय जुळवून पाहणार कशाशी? याला आणखी एक जोड आहे. मनातली कल्पना कितीही विशेषणं लावून अरुंद केली तरी ती तत्त्वतः दुसऱ्या कुणाला लागू पडू शकते; 'मी' मात्र वाटून घेता येत नाही. म्हणजे स्वतःची जाणीव प्रतिमेवाचूनच होते. हे सगळं विसंगती दाखवून केलेलं खंडन आहे, ॲरिस्टॉटलच्याच शाळेतलं. (त्याच्या एका ग्रंथात हा विषय त्याला स्वप्नात येऊन समजावतो कोण, तर खुद्द ॲरिस्टॉटल! 'स्वतःकडे परत फिर,' असं म्हणत.)

तपासण्याचा तुमचा मुद्दा मात्र नेमका कुठे लागू पडतो, ते पाहण्यासारखं आहे. सुहरावर्दी वेदनेचंही उदाहरण देतो: अवयव कापला गेला की त्या कापण्याची प्रतिमा नव्हे, ते कापणंच जाणवतं. इथे तो एक पाऊल जास्त पुढे गेला, असं माझं मत आहे. पाय काढून टाकलेल्या माणसालाही त्या नसलेल्या पायाच्या अंगठ्यात कळा येतात. कळ येते आहे, यात त्याची चूक होऊच शकत नाही, कारण जुळवून पाहायला दोन गोष्टीच नाहीत. 'अंगठ्याला काहीतरी झालंय' हे मात्र विधान आहे, आणि ते साफ चुकीचं आहे. म्हणजे वेदना उपस्थित असते. तिचं कारण आणि ठिकाण उपस्थित असतंच असं नाही. 'मी'चा युक्तिवाद यातून शाबूत सुटतो, कापल्याचं उदाहरण सुटत नाही.

तुमची टीका खरी लागते ती आणखी पुढे, जिथे तो प्रकाशांच्या उतरंडीबद्दल, म्हणजे सगळं अस्तित्व एका परम प्रकाशापासून पायरीपायरीने खाली उतरत आलंय याबद्दल, बोलू लागतो. तिथे तो म्हणतो, खगोलशास्त्रात एकदोन माणसांनी घेतलेले वेध आपण मानतो, तर प्लेटोसारख्या ज्ञात्यांनी अंतर्दृष्टीने घेतलेले वेध का मानू नयेत? पण घेतलेला वेध दुसरा माणूस उपकरण घेऊन पुन्हा घेऊ शकतो. 'मी'चा युक्तिवादही प्रत्येकाला स्वतःवर करून पाहता येतो. उतरंडीच्या बाबतीत मात्र सुहरावर्दी आधी चित्तशुद्धीची साधना करायला सांगतो, आणि कुणाला काहीच दिसलं नाही तर साधना अपुरी पडली की उतरंडच नाही, हे ठरवायला त्याच्याकडे मार्ग नाही. तुमची हरकत तिथे नोंदवा, मी सही करतो.