सगळी बोटं डिलीट करायच्या आधी हे वाचा

«फोन अपडेट केला की फिंगरप्रिंट, फेस अनलॉक बंद पडतं, कारण कंपनी जुने ठसे पुसून टाकते. मग बँकेचं ॲप परत बोट मागतं, म्हणजे नवीन ठसा त्यांच्या सर्व्हरवर जातो. उपाय एकच. सेटिंगमधली सगळी बोटं डिलीट करून नव्याने घ्या, ॲपचा डेटा क्लिअर करा आणि यापुढे अपडेट करूच नका. सर्वांना पाठवा.»

असा एक फॉरवर्ड फिरतोय. आधी त्यातल्या ठसे पुसले जाण्याच्या दाव्याबद्दल. अपडेट बसलं की फोन रीस्टार्ट होतो, आणि रीस्टार्टनंतर पहिल्यांदा पिन, पॅटर्न किंवा पासवर्डच द्यावा लागतो. अँड्रॉइडवरही आणि आयफोनवरही. फोनमधला डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो आणि तो उलगडायला तुमच्या पिनची गरज लागते. बोट फक्त एवढंच सांगू शकतं की माणूस तोच आहे. पिनची जागा ते घेऊ शकत नाही. खात्री करायची असेल तर फोन रीस्टार्ट करा, पिन टाकू नका आणि दुसऱ्या फोनवरून त्यावर कॉल लावा. बहुतेक फोनवर नाव दिसणार नाही, नुसता नंबर दिसेल, कारण कॉन्टॅक्टची यादी अजून बंदच आहे. पिन टाकला की नावं परत येतात, आणि बोटही चालू लागतं.

अपडेट नसतानाही हे होतं. बोटाने फोन उघडत राहिलात तरी अँड्रॉइड साधारण ७२ तासांतून एकदा पिन मागतोच. आयफोन ४८ तास उघडलाच नाही तर तोही पासकोड मागतो. त्यात अपडेट नुकतंच झालं असेल तर आपण दोन्हीची सांगड घालून मोकळे होतो.

मात्र अपडेटनंतर बोट खरोखरच चालत नाही, असंही घडतं, हे मान्य करायला हवं. सेन्सर चालवणारं सॉफ्टवेअरही अपडेटसोबत बदलतं, आणि स्क्रीनखालच्या सेन्सरला वरून लावलेली जाड काच आधी जेमतेम चालत असेल तर नंतर अजिबात चालत नाही. ठसे गेले की नुसतं वाचन बिघडलं, हे ओळखणं सोपं आहे. पिन टाकून सेटिंगमध्ये फिंगरप्रिंटची यादी उघडा. बोटं तिथे दिसतायत म्हणजे ठसे जागेवर आहेत. यादी रिकामी असेल तरच ठसे गेले. काही फोनमध्ये यादीच्या पानावर नोंदवलेलं बोट टेकवलं की त्याच्या नावाची ओळ चमकते. तेवढ्यावरूनही सेन्सर काम करतो की नाही ते कळतं.

आता ॲप परत बोट का मागतं ते बघू. मी पैशांच्या ॲपवर काम करतो, त्यामुळे या प्रश्नाची तक्रार रोजची. ॲपमध्ये ‘फिंगरप्रिंटने लॉगिन’ चालू करता तेव्हा ॲपला तुमचा ठसा मिळत नाही. तो मागण्याची सोयच नाही. ठसा फोनच्या चिपमधल्या वेगळ्या, सुरक्षित भागात राहतो. बोट टेकवायला सांगणारी खालची छोटी खिडकीसुद्धा ॲपची नसते, फोनची असते. ॲपला उत्तर मिळतं ते एवढंच: जुळलं किंवा नाही जुळलं. शिवाय ॲप चिपकडून एक गुप्त किल्ली तयार करून घेतं, जी बोट जुळल्याशिवाय वापरता येत नाही. परत नोंदणी होते ती या किल्लीची. बँकेच्या सर्व्हरकडे जातो तो फार तर किल्लीचा जाहीर अर्धा भाग किंवा एखादं टोकन. त्यावरून कुणाचं बोट बनवता येत नाही.

लोकांना ही भीती वाटते यात नवल नाही. जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे उचलून आधारवर चालणाऱ्या पेमेंटमधून पैसे काढल्याचे गुन्हे आपल्या देशात खरोखर घडले आहेत. पण तिथे ठसा आधारच्या मध्यवर्ती नोंदीशी ताडून पाहिला जातो. फोनमधला ठसा फोनशीच ताडला जातो. दोन्ही व्यवस्था पूर्ण वेगळ्या आहेत, आणि आधारचे बायोमेट्रिक लॉक केले तरी फोन बोटाने उघडत राहतो तो त्यामुळेच.

मग ही किल्ली मरते कधी? फोनमध्ये नवीन बोट जोडलं की, किंवा सगळी बोटं काढून टाकली की. अँड्रॉइडवर हा आपोआप लागू होणारा नियम आहे. डेव्हलपरला तो `setInvalidatedByBiometricEnrollment` नावाने माहीत असतो. पुढच्या वेळी ॲपने किल्ली वापरायला घेतली की `KeyPermanentlyInvalidatedException` असा नकार येतो. ती किल्ली पुन्हा जिवंत होत नाही, नवीनच करावी लागते. आयफोनवर ॲपने कडक पर्याय निवडला असेल तर एखादं बोट काढलं किंवा फेस आयडी नव्याने नोंदवला तरी तेच होतं. यामागचं कारण सरळ आहे. तुमचा पिन माहीत असलेला कोणीही, मग तो घरातला मुलगा असो की दुकानातला रिपेअरवाला, स्वतःचं बोट तुमच्या फोनमध्ये जोडू शकतो. किल्ली तशीच ठेवली तर त्या बोटाने तुमची बँक उघडेल.

म्हणजे फॉरवर्डमधला उपाय किल्ल्या मारायचा सर्वात खात्रीचा मार्ग आहे. सांगलीच्या मामीचंच घ्या. रात्री अपडेट बसलं, सकाळी बोट घेईना. पिन एकदा टाकला असता तर काम झालं असतं. तिने मेसेज वाचून आधी अंगठे काढले, मग नव्याने नोंदवले. स्क्रीन उघडू लागली, म्हणजे उपाय लागू पडला असंच कोणालाही वाटेल. मग बँकेच्या ॲपने ‘बायोमेट्रिक बदलले आहे, पासवर्डने लॉगिन करा’ म्हटलं. वर्षभर बोटानेच लॉगिन केलेलं, पासवर्ड आठवतो कुणाला? विम्याच्या आणि म्युच्युअल फंडाच्या ॲपनेही तेच विचारलं. तेवढ्यात मेसेजमधली पुढची पायरी, बँकेच्या ॲपचा डेटा क्लिअर.

“अरे, आता तर ॲप मला ओळखतच नाही. मोबाईल नंबरपासून सगळं विचारतंय,” मामी फोनवर म्हणाली.

“मामी, सिम कुठलं आहे त्या फोनमध्ये?”

“जिओचं. बँकेचा नंबर जुन्या फोनमध्ये आहे, ओटीपीपुरता.”

खरी अडचण ही होती. डेटा क्लिअर केला की बोटाची किल्ली जातेच, शिवाय फोन आणि सिम यांची ॲपशी बांधलेली जोडीही सुटते. ती परत बांधायला ॲप त्याच फोनमधल्या, बँकेत नोंदवलेल्या सिमवरून स्वतः एक एसएमएस पाठवतं. ओटीपी दुसऱ्या फोनवर वाचून इथे टाकला तरी चालत नाही. एसएमएस इथूनच जावा लागतो. मामीचं सिम घरातच होतं, त्यामुळे ते फोनमध्ये घातल्यावर सुटलं. दुबईत किंवा न्यू जर्सीत बसलेल्या माणसाचं भारतातलं सिम रोमिंगविना पडून असेल, तर डेटा क्लिअर केल्यानंतर ते ॲप पुढच्या भारतफेरीपर्यंत बंद राहू शकतं. म्हणून ही पायरी कोणी सांगितली तरी आधी विचारा की नोंदणीचं सिम याच फोनमध्ये आहे का, आणि त्यावरून एसएमएस जातो का.

चेहऱ्याबद्दल थोडक्यात. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर फेस अनलॉक पुढच्या साध्या कॅमेऱ्यावर चालतं. त्याला स्क्रीन उघडण्यापुरती परवानगी असते. बँकेच्या ॲपला लागणारी किल्ली त्याने उघडत नाही, कारण अँड्रॉइड त्याची गणना कमी सुरक्षित वर्गात करतो. तेव्हा चेहऱ्याने फोन उघडतो पण ॲप फक्त बोट मागतं, हे अपडेटने केलेलं नसतं. अशा फोनवर ते आधीही तसंच असतं.

राहिला अपडेटच न करण्याचा सल्ला. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये सॅमसंग गॅलेक्सी एस१० चं प्रकरण झालं. स्क्रीनवर विशिष्ट सिलिकॉनचं कव्हर लावलं की सेन्सर त्या कव्हरवरची नक्षीच ठसा समजून बसायचा, आणि फोन कुणाच्याही बोटाने उघडायचा. दुरुस्ती आली ती अपडेटमधूनच. त्या वेळी कंपनीने कव्हर काढून, जुने ठसे पुसून नव्याने नोंदवायला सांगितलं, आणि ते बरोबर होतं, कारण नोंदवलेले ठसेच खराब होते. सगळी बोटं काढणं योग्य ठरतं ते अशा वेळी: यादीत बोटं आहेत, पिन टाकून झाला, काच पुसली, तरी स्क्रीनही उघडत नाही. किंवा कंपनीने स्वतः तसं सांगितलं असेल.

तशी वेळ आलीच, तर क्रम महत्त्वाचा. आधी प्रत्येक पैशाच्या ॲपमध्ये पासवर्ड किंवा एमपिनने एकदा लॉगिन करून बघा. विसरला असाल तर ॲप चालू आहे तोवरच तो बदलून घ्या. मग बोटं काढा. नवीन नोंदवताना काच लावायची असेल ती लावूनच नोंदवा, आणि वापरायची ती सगळी बोटं एकाच बैठकीत घ्या, दोन्ही अंगठे धरून. त्यानंतर एकेका ॲपमध्ये फिंगरप्रिंट चालू करा. उलटं केलंत, म्हणजे ॲप आधी आणि दुसरा अंगठा नंतर, तर सगळी ॲप परत पासवर्ड मागतील. ॲपचा डेटा क्लिअर करायची यात कुठेच गरज नाही.

खरी मागणी कशी ओळखायची? ती तुम्ही स्वतः ॲप उघडल्यावर, ॲपच्या आत येते. ॲप आधी स्वतःचा पासवर्ड किंवा एमपिन घेतं आणि मग फोनची खिडकी बोट मागते. ‘अपडेटनंतर फिंगरप्रिंट चालू करा’ असं सांगत एसएमएसमधली लिंक, व्हॉट्सॲपवरची एपीके फाइल किंवा कार्ड नंबर आणि यूपीआय पिन मागणारा फोन आला, तर तो चोर आहे.

आणि अपडेट नाही, बोट बदललेलं नाही, तरी दोन-तीन ॲप एकाच दिवशी ‘बायोमेट्रिक बदलले’ म्हणू लागली, तर ॲपवर वैतागण्याआधी फिंगरप्रिंटची यादी उघडा आणि बोटं मोजा. एक जास्त निघालं तर ते काढा, लगेच स्क्रीनचा पिन बदला, आणि फोन गेल्या काही दिवसांत कुणाच्या हातात होता ते आठवा.