दीबाकचे दीबाक करा!

पासपोर्टवर माझे नाव DIPAK आहे आणि मस्कतमधल्या बँकेच्या खात्यावर DEEPAK. एवढ्या दुरुस्तीचा इंग्रजी अर्ज तिसऱ्यांदा अरबीत करून घेतला, तरी त्यात ‘दीबाकऐवजी दीबाक असे करावे’ हेच उमटले. अरबीत ‘प’ नाही म्हणून ‘ब’ येतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही; पण I आणि EE या दोन्हींसाठी तिथे ‘या’ हे एकच अक्षर लिहिल्यामुळे चूक आणि बरोबर अगदी सारखेच दिसते, हे भाषांतरकाराच्या लक्षात येऊ नये? काउंटरवरच्या साहेबांनी शांतपणे विचारले, “मग बदलायचे काय?” दोन्ही स्पेलिंग रोमन अक्षरांतच ठेवा, असे मी दरवेळी बजावतो, आणि अरबी पत्रात ती शोभत नाहीत म्हणून हा गृहस्थ दरवेळी ती काढून टाकतो, वर शिक्क्याचे पैसे निराळे.