ताळेबंदाखालची सही काय सांगते

"ऑडिट झालं म्हणजे सीएने एकेक पावती तपासलेली असते. रिपोर्ट स्वच्छ आला की कंपनीत ठेवलेला पैसा सुरक्षित. तरीही घोटाळा निघाला, तर सीए सामील होता हे उघड आहे."

हा मजकूर मला गेल्या महिन्यात कोथरूडच्या एका शेजारी काकांनी दाखवला. फंडाचे पैसे एका कंपनीत ठेव म्हणून ठेवावेत का, हे ते त्याच्या आधाराने ठरवत होते. मी पुण्यात वीस वर्षं लेखापरीक्षण करतो, आणि यातली तिन्ही वाक्यं चुकीची आहेत हे नीट समजावून सांगणं मला गरजेचं वाटतं.

पहिल्या वाक्यासाठी भोसरीतला एक कारखाना घेऊ. उदाहरण मी रचलेलं आहे, पण काम असंच चालतं. गाड्यांचे सुटे भाग बनवतात, वर्षाची विक्री 42 कोटी, करपूर्व नफा 2 कोटी. बिलं हजारो. ती सगळी तपासायची तर तपासणीच वर्षभर चालेल. म्हणून ऑडिटर आधी एक मर्यादा ठरवतो: किती रकमेची चूक राहिली तर ताळेबंद वाचणाऱ्याचा निर्णय बदलेल? करपूर्व नफ्याच्या 5 टक्के हा सर्रास वापरला जाणारा ठोकताळा आहे. तो कायदा नाही, आणि प्रत्येक ठिकाणी विचार करूनच वापरावा लागतो. इथे तो 10 लाखांवर येतो. लहान लहान चुका मिळून मर्यादेपलीकडे जाऊ शकतात, म्हणून प्रत्यक्ष तपासणी त्याहून कमी, समजा साडेसात लाखांचा आकडा धरून होते.

आता ग्राहकांकडून येणं असलेली रक्कम बघू. 310 ग्राहकांकडे मिळून 9 कोटी. त्यातल्या 14 मोठ्या ग्राहकांकडेच 6 कोटींहून जास्त अडकलेत, म्हणून ते सगळे निवडायचे, आणि उरलेल्यांतून नमुना घ्यायचा. निवडलेल्यांना पत्र जातं: 31 मार्चला तुमच्या वह्यांप्रमाणे या कंपनीला तुमचं किती देणं होतं? पत्र ऑडिटरने स्वतः पाठवायचं आणि उत्तर थेट त्याच्याकडेच यायला हवं. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चाकणच्या ग्राहकाचं उत्तर येतं 61 लाख. कारखान्याच्या खात्यात 78 लाख. फरक 17 लाखांचा. बिलं काढली तर दोन बिलांवर तारीख 30 मार्च, पण गेट पास आणि ई-वे बिल 2 एप्रिलचं. माल एप्रिलमध्ये निघाला, विक्री मार्चमध्ये दाखवली. (जीएसटी हिशेब सोपा राहावा म्हणून बाजूला ठेवतो.) विक्रीवर 25 टक्के सुटत असतील तर नफा सव्वाचार लाखांनी फुगला आहे. एकटा बघितला तर हा आकडा मर्यादेच्या आत आहे. पण इथे थांबणारा ऑडिटर काम अर्धं सोडतो. विक्रीच्या नोंदीत लबाडीचा धोका आहे असं गृहीत धरूनच सुरुवात करावी, असं लेखापरीक्षण मानक 240 सांगतं. त्यामुळे आता मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांची सगळी बिलं गेट रजिस्टरशी ताडून बघायची. त्यात आणखी 47 लाखांची अशीच बिलं निघाली. एकूण 64 लाख विक्री, म्हणजे 16 लाख नफा, मर्यादेच्या वर. आता मालकाने नोंदी दुरुस्त करायच्या: विक्री आणि येणं 64 लाखांनी खाली, साठा 48 लाखांनी वर. केल्या, तर अहवाल स्वच्छ. त्यातही कुठेतरी चाळीस हजारांची चूक राहिलेली असू शकते, आणि ती राहिली म्हणून अहवाल खोटा ठरत नाही. आम्ही जे देतो ते वाजवी आश्वासन असतं, हमी नसते.

दुसरं वाक्य माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान करतं. कंपनी कायदा 2013 चं कलम 129 म्हणतं की हिशेबांनी कंपनीच्या स्थितीचं सत्य आणि वाजवी चित्र द्यावं. 'सत्य' समजायला सोपं: नोंदलेला व्यवहार खरोखर घडला, पैसे खरोखर येणं आहेत. 'वाजवी' त्याच्या पुढे जातं. त्याच कारखान्याचं एका ग्राहकाकडे 40 लाख येणं आहे. बिल खरं, माल पोचलेला, ग्राहकही नाकारत नाही. पण त्याचं युनिट आठ महिने बंद आहे आणि मशीन बँकेने ताब्यात घेतलंय. खतावणीतले 40 लाख सत्य आहेत, पण बुडण्याची तरतूद न करता ताळेबंदात पूर्ण 40 लाख दाखवले तर चित्र वाजवी राहत नाही. वाचणारा समजेल की हे पैसे हातात येणार आहेत.

याची दुसरी बाजूही आहे. 1980 साली घेतलेली हडपसरची जमीन मूळ किमतीला दाखवलेली असेल, आणि ते धोरण टिपांमध्ये लिहिलेलं असेल, तर चित्र वाजवीच आहे, जरी आजचा भाव शेकडो पट असला तरी. आणि सलग तीन वर्षं तोट्यात असलेल्या कंपनीलाही स्वच्छ अहवाल मिळतो, जर तोटा प्रामाणिकपणे दाखवला असेल तर. कंपनी पुढे चालेल का याबद्दल मोठी शंका असेल तर अहवालात त्याचा स्वतंत्र परिच्छेद येतो, आणि तो आला तरी मत स्वच्छच असू शकतं. काकांनी नेमका तो परिच्छेद वाचलेला नव्हता. पहिल्या पानावरचं मत वाचून कागद मिटला होता.

तिसऱ्या वाक्यासाठी सत्यम या हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीचा घोटाळा घेऊ. 7 जानेवारी 2009 च्या पत्रात तिचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी कबूल केलं की 30 सप्टेंबर 2008 ला दाखवलेल्या 5,361 कोटींच्या रोख आणि बँक शिलकीपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नव्हते. शिल्लक खरी असल्याची बँकेची पत्रं कशी मिळवली गेली, हा कळीचा प्रश्न होता. अमेरिकेच्या लेखापरीक्षण नियामकाने 2011 मध्ये ठपका ठेवला तो यावर: खात्री करणारी पत्रं पाठवणं आणि उत्तरं मिळवणं ऑडिटरांनी स्वतःच्या हातात ठेवलं नाही, कंपनीवर सोडलं. ज्याच्याबद्दल विचारायचं त्याच्याच हातून उत्तर आलं, तर ते उत्तर पुरावा राहत नाही.

ही गंभीर कसूर आहे, आणि तिची शिक्षा व्हायलाच हवी. पण कसूर आणि संगनमत या वेगळ्या गोष्टी आहेत. कधी कधी तर कसूरही नसते: वरपासून खालपर्यंत सगळे मिळून खोटी बिलं, खोटी बिल्टी आणि ग्राहकाचंही खोटं उत्तर तयार करत असतील, तर नियमाने केलेल्या तपासणीतूनही ते निसटू शकतं. म्हणून विचारायचं ते हे: पत्रं कोणी पाठवली, फरक आल्यावर तपासणी वाढवली का, आणि मालकाच्या तोंडी खुलाशाशिवाय कोणता कागद फाइलला लागला?

भोसरीच्या मालकाने दुरुस्ती नाकारली असती तर? मग ऑडिटर मत सरसकट देत नाही, 'खालील बाब वगळता' असं लिहितो, आणि 'सशर्त मताचा आधार' या शीर्षकाखाली सांगतो की 64 लाखांची विक्री पुढच्या वर्षाची आहे आणि नफा 16 लाखांनी जास्त दाखवला आहे. तो आकडा तिथे लिहिलेला असतो. काकांना मी पेन्सिल दिली आणि तेवढी वजाबाकी ताळेबंदाच्या समासात करायला सांगितली: 2 कोटी वजा 16 लाख, 1 कोटी 84 लाख.